पावडरच्या दुधावरच्या बाळाची शी घट्ट होतेय? डबा बदलण्याआधी बाटली तपासा

पावडरच्या दुधावर असलेल्या बाळाला शी घट्ट होऊ लागली की घरात पहिला निर्णय होतो तो डबा बदलायचा. चार दिवसांत फरक दिसला नाही की दुसरा डबा, मग तिसरा. दरम्यान दूध कालवण्याची पद्धत मात्र तीच राहते, आणि बहुतेक वेळा चूक तिथेच असते. योग्य क्रम असा: आधी शी नीट पाहायची, मग धोक्याच्या खुणा नाहीत ना याची खात्री करायची, मग बाटली कशी भरली जाते ते तपासायचं, आणि सगळ्यात शेवटी डब्याचा विचार करायचा. हा लेख त्याच क्रमाने जातो.

हे सगळं दिवस भरून जन्मलेल्या, एरवी निरोगी असलेल्या, अजून वरचं अन्न सुरू न झालेल्या बाळांसाठी आहे. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल, किंवा डॉक्टरांनी मुद्दाम वेगळ्या प्रमाणात दूध बनवायला सांगितलं असेल, तर त्यांनी दिलेलंच प्रमाण पाळा.

## टप्पा १: हे खरंच बद्धकोष्ठ आहे का?

शी किती दिवसांनी झाली यावर बद्धकोष्ठ ठरत नाही, ती कशी झाली यावर ठरतं. फॉर्म्युलावरचं, म्हणजे पावडरच्या दुधावरचं, एखादं बाळ दिवसातून दोनदा शी करतं, एखादं दोन-तीन दिवसांतून एकदा. शी मऊ असेल, बाळ दूध नीट पीत असेल, पोट मऊ असेल, तर दोन्ही ठीक. आईच्या दुधावरून पावडरवर आलेल्या बाळाची शी आधीपेक्षा घट्ट, जास्त वासाची आणि तपकिरी किंवा हिरवट होते. हा बदल अपेक्षित आहे. हिरव्या रंगाने घाबरू नका. फॉर्म्युलातलं लोह शरीरात न शोषलं जाता बाहेर पडतं, त्यामुळेही शी गडद हिरवी दिसते.

बद्धकोष्ठ म्हणायचं ते शी कोरडी, कडक, लेंड्यांसारखी सुटी सुटी किंवा जाड टणक येत असेल आणि ती बाहेर पडताना बाळाला दुखत असेल तेव्हा. डायपर बदलताना टिश्यूने शी हलकेच दाबून बघा. दाबल्यावर पसरली तर मऊ. आकार तसाच राहिला, टिश्यूला जेमतेम काही लागलं, तर ती कडक.

इथे एक गोष्ट फार गोंधळात टाकते. बाळ दहा-वीस मिनिटं कुंथतं, लाल होतं, पाय पोटाशी घेतं, जोरात रडतं, आणि शेवटी शी होते ती अगदी मऊ. हे बद्धकोष्ठ नाही. शी करताना पोटाने दाब द्यायचा आणि त्याच वेळी गुदद्वाराचा स्नायू सैल सोडायचा, हा मेळ लहान बाळाला अजून जमलेला नसतो. तो आपोआप जमतो, बहुतेकदा काही आठवड्यांत. त्यासाठी औषध लागत नाही आणि दूध बदलून काही होत नाही.

थांबा: अशा वेळी कापसाची काडी, थर्मामीटर किंवा साबणाची कांडी घालून शी काढू नका. बाळाला बाहेरून मदत मिळाल्याशिवाय शी न करण्याची सवय लागते. शिवाय आतली नाजूक त्वचा फाटू शकते आणि साबणाने तिथे जळजळ होते.

## टप्पा २: घरगुती उपायांआधी या खुणा पाहा

पुढचे टप्पे आठवडाभर सावकाश करायचे आहेत. काही बाळांकडे तेवढा वेळ नसतो, म्हणून हा टप्पा आधी.

ताबडतोब दवाखाना गाठा, रात्र असली तरी:

- हिरवी किंवा गडद पिवळी उलटी, किंवा उलट्या थांबत नसतील
- पोट फुगून घट्ट झालं असेल, हात लावला की बाळ कळवळत असेल
- बाळ सुस्त, ढिलं पडलं असेल, चोखण्याची ताकद कमी झाली असेल, रडणं क्षीण झालं असेल
- सहा ते आठ तास शू झाली नसेल, तोंड कोरडं वाटत असेल, डोक्यावरची टाळू खोल गेली असेल
- तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप असेल
- शीत बरंच रक्त असेल

एक-दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवा: बाळ एक महिन्याच्या आतलं असेल, त्रास जन्मल्यापासूनच असेल, वजन वाढत नसेल, शी सतत फितीसारखी बारीक येत असेल, कडक शीवर ताज्या रक्ताची रेघ दिसली असेल. कंबरेच्या खाली मणक्यावर खोल खळगा किंवा केसांचा पुंजका असेल, किंवा बाळ पाय कमी हलवत असेल, तर तेही सांगा.

एक प्रश्न प्रत्येक घराने स्वतःला विचारावा: जन्मानंतरची पहिली काळी चिकट शी कधी झाली? ती पहिल्या ४८ तासांत झाली नसेल आणि आता बद्धकोष्ठ असेल, तर कालवण्याची पद्धत सुधारत आठवडा घालवू नका. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात चेतापेशी नसण्याचा हिर्शस्प्रुंग नावाचा जन्मजात आजार असू शकतो. त्याची तपासणी लागते आणि उपचार शस्त्रक्रियेने होतो. उत्तर आठवत नसेल तर प्रसूतीच्या वेळचे कागद काढून बघा.

पडताळा: वरचं काहीही लागू नाही, बाळ पितं, हसतं, दिवसाला सहाच्या आसपास डायपर नीट ओले होतात. मगच पुढे जा.

## टप्पा ३: बाटली भरण्याचा क्रम सुधारा

कडक शीचं घरी दुरुस्त करता येणारं सगळ्यात मोठं कारण म्हणजे दाट दूध. पावडर जास्त किंवा पाणी कमी झालं की बाळाच्या शरीराला पाण्याची तूट पडते. मग मोठं आतडं शीतलं पाणी आणखी शोषून घेतं आणि शी कोरडी पडते. दूध फार दाट असेल तर प्रश्न शीपुरता राहत नाही. रक्तातलं सोडियम वाढून बाळ गंभीर आजारी पडू शकतं.

तयारी आधी करून ठेवा. हात साबणाने धुवा, बाटली आणि निपल धुऊन निर्जंतुक केलेले असू द्या. डबा जवळ घ्या आणि त्यावरचं प्रमाण आज पुन्हा वाचा. बऱ्याच पावडरींना ३० मिली पाण्याला एक सपाट चमचा लागतो, पण सगळ्यांना नाही; काहींचा चमचा मोठा असतो आणि तो ६० मिलीसाठी असतो. म्हणून मागच्या डब्याचा चमचा नव्या डब्यात कधीही वापरायचा नाही. ६० मिलीचा चमचा ३० मिलीच्या हिशेबाने वापरला गेला तर दूध दुप्पट दाट होतं.

आता क्रम:

१. ताजं पाणी उकळा आणि झाकून ठेवा. साधारण लिटरभर पाणी उकळल्यावर अर्ध्या तासापेक्षा जास्त थांबू नका. तेवढ्या वेळात ते ७० अंशांच्या खाली जात नाही. थोडंसं पाणी उकळलं असेल तर ते फार लवकर निवतं, म्हणून भांडं भरूनच उकळा. पावडर निर्जंतुक नसते. तिच्यात क्रोनोबॅक्टर किंवा साल्मोनेला हे जंतू असू शकतात आणि ७० अंशांचं पाणी ते मारतं. पाणी उकळतं असतानाच ओतू नका, त्याने पावडरच्या गुठळ्या होतात आणि काही जीवनसत्त्वं कमी होतात. डब्यावर कमी तापमानाचं पाणी वापरायला सांगितलं असेल, तर कोणतं पाळायचं ते डॉक्टरांना विचारा.

२. आधी पाणी ओता. बाटली ओट्यावर सपाट ठेवा, खाली वाका आणि डोळे खुणेच्या रेषेत आणून मोजा. बाटली हातात धरून वरून पाहिलं की दहा-पंधरा मिलीचा फरक सहज पडतो.

३. मग पावडर. चमचा पावडरीत सैल भरा आणि स्वच्छ सुरीच्या सरळ पाठीने किंवा डब्यातल्या पट्टीने वरून सपाट करा. डब्याच्या कडेवर दाबून सपाट केला की पावडर आत ठासली जाते. शीग नको, ठासणं नको, ‘अजून अर्धा चमचा’ नको. चमचे मोठ्याने मोजा. रात्री तीन वाजता तिसरा होता की चौथा हे लक्षात राहत नाही. मोजणी चुकली तर ते दूध ओतून द्या आणि पुन्हा बनवा.

४. झाकण लावून पावडर पूर्ण विरघळेपर्यंत हलवा. मग बंद बाटली वाहत्या गार पाण्याखाली धरून कोमट करा. मनगटाच्या आतल्या बाजूवर थेंब टाकून पाहा. गार करायला बाटलीत वरून गार पाणी ओतू नका, त्याने प्रमाण बिघडतं.

५. दोन तासांच्या आत वापरा. बाळाने पिऊन उरलेलं दूध टाकून द्या, पुढच्या वेळेसाठी ठेवू नका.

पडताळा: १२० मिली पाण्यात चार चमचे घातल्यावर बाटलीतली पातळी १२०च्या वर गेली पाहिजे. दूध बरोबर १२०च्या खुणेवर असेल तर पाणी कमी पडलं आहे. अनेक घरांत नेमकं उलटं समजलं जातं, की तयार दूध १२० भरलं म्हणजे माप जुळलं.

### एक हिशेब करून पाहू

समजा साडेतीन महिन्यांचं, ५.६ किलोचं बाळ आहे. दिवसातून सहा वेळा दूध घेतं. तीन दिवसांतून एकदा शी होते, ती कडक खड्यांची, आणि तेव्हा बाळ किंचाळतं. घरी बाटली अशी बनते: आधी चार चमचे पावडर, मग वरून १२०च्या खुणेपर्यंत पाणी. चमचे डब्याच्या कडेवर दाबून भरलेले, म्हणजे चारच्या जागी साडेचार चमच्यांइतकी पावडर पडते.

एक चमचा पावडर साधारण ३ मिली जागा घेते असं धरू. साडेचार चमच्यांनी सुमारे १३ मिली जागा घेतली, म्हणजे १२०च्या खुणेपर्यंत पाणी मावलं फक्त १०७ मिली. तेवढ्या पावडरीला खरं तर १३५ मिली पाणी हवं होतं. प्रत्येक बाटलीमागे २८ मिली पाण्याची तूट, सहा बाटल्यांमागे जवळजवळ १७० मिली. दूध सव्वापट दाट झालं. प्रत्येक चूक एकेकटी किरकोळ वाटते, पण बाळाच्या पोटात त्या एकत्रच जातात. त्यातून बाळाला तहान लागते, ते रडतं, भूक समजून त्याला आणखी तेच दाट दूध मिळतं आणि शी आणखी कडक होते.

या घरात डबा बदलायची गरज नाही. आधी पाणी, मग सपाट चमचा, एवढंच बदलायचं. दूध पुरतंय का याचा ढोबळ अंदाजही घ्या: या वयात दिवसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण १५० मिली, म्हणजे या बाळाला ८४० मिलीच्या आसपास. त्याला ७२० मिलीच मिळत असेल तर प्रत्येक वेळी भूक पाहून वाढवा, पण बाटली संपवायची जबरदस्ती करू नका.

थांबा: दाट दुधाच्या भीतीने उलटी चूकही करू नका. शी मऊ व्हावी म्हणून पाणी जास्त घालून दूध पातळ केलं तर बाळाला पोषण कमी पडतं आणि रक्तातलं सोडियम घसरून झटके येऊ शकतात. बाटलीत तांदळाचं किंवा कसलंही पीठ, साखर, मध घालायचं नाही. पीठ शी आणखी घट्ट करतं.

## टप्पा ४: आठवडाभर फक्त हेच करा

क्रम सुधारल्यावर सात दिवस दुसरं काही बदलू नका. घरातली जेवढी माणसं बाटली बनवतात, त्या सगळ्यांना एकदा समोर बसवून हाच क्रम करून दाखवा. दिवसा आई बरोबर बनवते आणि रात्री दुसरं कोणी ठासून चमचे भरतं, असं झालं तर आठवड्याअखेर काहीच कळणार नाही. कागदावर रोज तीनच गोष्टी लिहा: किती मिली प्यायलं, किती डायपर ओले झाले, शी कधी आणि कशी झाली. पहिली एखादी शी कडकच येईल, कारण ती आधीच आतड्यात साठलेली असते. त्यानंतरची काय सांगते ते पाहायचं.

बाळाला आराम म्हणून दुधानंतर अर्धा-पाऊण तासाने पाठीवर झोपवून पाय सायकल चालवल्यासारखे हलवा. बेंबीभोवती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने कोमट हाताने हलका मसाज करा. कोमट पाण्याच्या अंघोळीने स्नायू सैल होतात. यांनी कडक शी मऊ होणार नाही, पण शी बाहेर पडायला मदत होते.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं पाणी किंवा फळांचा रस स्वतःच्या मनाने देऊ नका. डॉक्टर कधी कधी दोन दुधांच्या मध्ये थोडं उकळून गार केलेलं पाणी किंवा नाशपातीसारख्या फळाचा मोजका रस सांगतात; त्या फळांतली सॉर्बिटॉल नावाची साखर आतड्यात पाणी ओढून घेते. किती आणि किती दिवस, हे त्यांनी बाळाचं वय पाहून ठरवायचं.

मध अजिबात नाही. एक वर्षाच्या आत मधाच्या एका बोटानेही बोट्युलिझम हा जंतूंच्या विषाने होणारा गंभीर आजार होऊ शकतो, आणि त्याचं पहिलं लक्षण बहुधा बद्धकोष्ठच असतं. मग चोखणं कमजोर होतं आणि बाळ ढिलं पडतं. मध चाटवलेला असेल आणि आता शी होत नसेल, तर डॉक्टरांना ते न लपवता सांगा. एरंडेल आणि मोठ्यांची जुलाबाची औषधंही नकोत.

## टप्पा ५: आता डब्याचा विचार

आठवडाभर माप अचूक ठेवूनही शी कडकच असेल, तर डबा बदलण्याचा प्रश्न योग्य ठरतो. उत्तर थोडक्यात असं: काही बाळांना फरक पडतो, बऱ्याच बाळांना पडत नाही.

फरक पडतो तो मुख्यतः स्निग्ध पदार्थांमुळे. काही फॉर्म्युल्यांत पाम तेल असतं. त्यातलं पामिटिक आम्ल पचताना सुटं होतं, आतड्यातल्या कॅल्शियमशी जुळतं आणि त्याचे न विरघळणारे क्षार बनतात. ते शी घट्ट करतात. म्हणून पाम तेल नसलेला, किंवा पामिटिक आम्लाची रचना आईच्या दुधाच्या जवळ आणलेला फॉर्म्युला घेतल्यावर काही बाळांची शी मऊ होते. प्रथिनं थोडी फोडलेल्या आणि जीओएस-एफओएस हे तंतू घातलेल्या फॉर्म्युल्यानेही काहींना असा फायदा होतो. घटकांची यादी वाचूनच निवडा. समोरच्या मोठ्या अक्षरांतल्या दाव्यावरून नको.

लोह कमी असलेला फॉर्म्युला शोधू नका. फॉर्म्युलातल्या लोहाच्या प्रमाणाने बद्धकोष्ठ होत नाही, आणि ते कमी केलं तर बाळाला रक्तक्षय होऊ शकतो. सोया फॉर्म्युल्याने काही बाळांची शी उलट जास्त कडक होते. दुग्धशर्करा काढलेल्या फॉर्म्युल्याचाही इथे उपयोग नाही. आणि गाईचं किंवा कुठलंही साधं दूध एक वर्षाच्या आत फॉर्म्युल्याच्या जागी द्यायचं नाही.

गाईच्या दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी ही वेगळी गोष्ट आहे. बद्धकोष्ठासोबत शीत आव किंवा रक्त, अंगावर न जाणारा इसब, वारंवार उलट्या, वजन अडकणं असं काही असेल, तर डॉक्टर प्रथिनं पूर्ण फोडलेला फॉर्म्युला दोन ते चार आठवडे देऊन पाहतात. मग जुनं दूध पुन्हा देऊन त्रास परततो का हे तपासतात, तेव्हाच निदान पक्कं होतं. हा प्रयोग घरच्या घरी करू नका.

बदलायचं ठरलं तर एकच बदल करा आणि त्याला एक ते दोन आठवडे द्या. नव्या डब्याचं प्रमाण आणि चमचा वेगळा असू शकतो, तेव्हा टप्पा ३ पुन्हा वाचा. मला वाटतं, ‘अमुक डब्याने लगेच फरक पडला’ असं जे ऐकू येतं, त्यातल्या काहींत नवा डबा उघडल्यावर सूचना पहिल्यांदाच नीट वाचल्या गेलेल्या असतात.

## टप्पा ६: डॉक्टरांकडे जाताना

टप्पा २ मधली कोणतीही खूण मधेच दिसली तर सगळं थांबवून जा. तशी खूण नसेल, पण माप सुधारून दोन आठवड्यांनीही शी कडक आणि दुखरी असेल, तरी जा. बाळ शी आली की पाय ताठ करून ती रोखून धरत असेल तर दोन आठवडेही थांबू नका. एकदा दुखलं की बाळ रोखतं, रोखली की आणखी कडक होते, आणि हे चक्र औषधाशिवाय सहसा सुटत नाही.

सोबत आठवड्याचा कागद, शीचा फोटो आणि डबा चमच्यासकट न्या. ‘मी बरोबर बनवते’ असं सांगण्यापेक्षा बाटली कशी भरता ते त्यांच्यासमोर करून दाखवा. चूक असेल तर ती बोलण्यात सापडत नाही, हाताने करताना लगेच दिसते.

डॉक्टर पोट आणि गुदद्वाराची जागा तपासतील, वजनाची नोंद पाहतील. अनेकदा लॅक्टुलोजसारखं शी मऊ करणारं औषध देतात. त्याचा परिणाम दिसायला एक-दोन दिवस लागतात, म्हणून पहिल्या दिवशी काही झालं नाही तर मात्रा वाढवू नका. गुदद्वारात ठेवायची ग्लिसरीनची वडी त्यांनी सांगितली तरच आणि सांगितली तेवढीच वापरा. शी मऊ झाली की औषध त्याच दिवशी बंद करायचं नाही, कारण दुखरी जागा भरून यायला वेळ लागतो. कधी आणि कसं कमी करायचं, हे दवाखान्यातून निघण्याआधीच विचारून घ्या.